साडेतीनचा शर्ट

वसाहतीच्या मागच्या कोपऱ्यात पाण्याच्या पंपाची खोली आहे. तिचा अर्धा भाग पंपाचा आणि अर्धा कडकमामांचा. पंप सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास चालतो, मामा मधला सगळा दिवस. फाटकावरच्या पहारेकऱ्याचं म्हणणं असं, की दोघांत पंप जरा जास्त बोलका आहे. 'कडकमामा' हे नावही त्यानेच पाडलं. मामांनी त्याच्या गणवेशाच्या बाहीला पहिल्यांदा जी क्रीज घातली ती म्हणे तीन दिवस मोडली नाही, आणि त्या तीन दिवसांत त्याला दोनदा कुणीतरी 'साहेब' म्हणालं. तेव्हापासून ते मामा, आणि अर्थातच त्यांची बायको मामी.

बावीस वर्षं दोघांनी कामाची वाटणी एकच ठेवली होती. मामी सकाळी आठ ते साडेनऊ घरोघर फिरून कपडे गोळा करायच्या. प्रत्येक घराचे कपडे त्याच घराच्या एखाद्या चादरीत बांधायचे, गाठीत फ्लॅटच्या नंबराची चिठ्ठी खोचायची, आणि तीन-चार गाठोडी झाली की खाली आणून टाकायची. दुपारी तीनपासून सात वाजेपर्यंत उलटा प्रवास. चार इमारती, त्यातल्या दोनच इमारतींना लिफ्ट. मामा खोलीतून हलायचे नाहीत. त्यांना हलायला वेळच नसायचा. रोजचे दीडशे नग, तासाला पंचवीस, म्हणजे सहा तास हात चालूच. कुणी पाणी दिलं तर ते डाव्या हाताने प्यायचे.

भाव सोपा होता. शर्ट, पँट, फ्रॉक, काहीही असो, नगाला आठ. चादर आणि कोट पंधरा. उशांचे अभ्रे जोडीला आठ, कारण एकट्या अभ्र्याचे आठ घेताना मामींना लाज वाटायची. रुमाल फुकट. कमीत कमी इतके कपडे द्याच, असली अट नाही. एक शर्ट दिलात तरी मामी दोन जिने चढून येणार. आणि सकाळी दिलेलं संध्याकाळी घरात. दाराच्या आतल्या बाजूला खडूने वेळा लिहिलेल्या असायच्या. कुठल्या घराला किती वाजता, ते. शाळामास्तरीणबाई पाच. नर्सबाई साडेसहा, कारण साडेसातला त्यांची पाळी लागायची. हॉटेलातला वाढपी साडेतीन, कारण चारची बस चुकली की त्याची पाळीच चुकायची. बाकीच्या वेळा अधल्यामधल्या. त्या खडूच्या अक्षरांवर मामींचा जितका विश्वास होता तितका भिंतीवरच्या घड्याळावरही नव्हता.

आता मामांच्या हाताबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्यांची इस्त्री विजेची, जुनी, जड, आणि उष्णता कमी-जास्त करायच्या चकतीवरचे आकडे केव्हाच पुसलेले. चकती फिरवली काय आणि न फिरवली काय, इस्त्री आपल्या मर्जीने तापायची. मामांना त्याचं काही वाटायचं नाही. ते नाकाने इस्त्री करायचे. सुती कापडातली ओल उडाली की भाजत्या पिठासारखा एक वास सुटतो. तो आला की हात उचलायचा. त्यानंतरच्या दोन श्वासांत डाग पडतो. मिश्र धाग्याच्या कापडाला गोडसर वास येतो, आणि तो आला म्हणजे उशीरच झाला, त्याच्या आधीचा जो नुसता गरमपणा असतो तिथेच थांबायचं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि ते कुणाला शिकवू शकले नसते. डोळ्यांना दिसायच्या आत हात उचललेला असायचा, एवढंच त्यांना ठाऊक.

नाकाचा दुसराही उपयोग होता. चादरी सुटून एकाचं दुसऱ्यात गेलं, तर मामा कपडा नाकाशी धरून सांगायचे, हा तिसऱ्या मजल्याचा, हा कोपऱ्यातल्या घराचा. प्रत्येक घराचा साबण वेगळा, कपाट वेगळं, माणसं वेगळी. एकेका कपड्याला चिठ्ठी टाचायचा आग्रह मामी वर्षानुवर्षं करत होत्या. मामा म्हणायचे, "टाचण्यांचा गंज लागेल. मी मेलोय का?"

तर एके वर्षी मामांना ताप आला. साधा, सर्दी-पडशाचा, चार दिवसांचा. खोली चार दिवस बंद राहिली. लोकांनी सुरकुतलेले कपडे घातले आणि कुणाचं काही बिघडलं नाही. पाचव्या दिवशी मामा कामावर आले. चहा पाणचट लागला, ते औषधामुळे असेल असं धरून चालले. टेबलावरची चौघडी घोंगडी झटकली, वर पांढरी चादर ताणून घातली, पाण्याचा थेंब इस्त्रीवर टाकून तो टणकन उडाल्याचं पाहिलं आणि नर्सबाईंचा पांढरा गणवेश पुढ्यात घेतला.

मामी दुसरं गाठोडं घेऊन दारात आल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "अहो, जळतंय."

मामांनी हात उचलला. गणवेशाच्या पाठीवर इस्त्रीच्या टोकाचा पिवळट तपकिरी ठसा उमटला होता. खोलीत धूर नव्हता, पण वास एवढा होता की मामींनी पदराआड नाक धरलं. मामा ठशाकडे बघत उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर चूक झालेल्या माणसाची चलबिचल नव्हती. ते एकदम घाबरले होते, आणि ते मामींनी पाहिलं.

"लक्ष नव्हतं," मामा म्हणाले.

मामींनी कोपऱ्यातली साबणाची वडी उचलून त्यांच्या नाकासमोर धरली. "काय येतंय?"

"काही नाही."

मग मामांनी स्वतःच रॉकेलची बाटली उघडली, कपडे धुवायच्या सोड्याचा डबा उघडला. काही नाही. दोन दिवसांनी दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं, की ताप गेला तरी असं होतं कधीकधी. सहा महिन्यांनी वास येईलही परत, कदाचित नाहीही येणार. मामा येताना वाटेत बायकोला म्हणाले, "कुणाला सांगायचं नाही." मामींनी मान हलवली. नर्सबाईंना नवा गणवेश घेऊन दिला. त्या भल्या बाई. एवढं कशाला म्हणाल्या.

कुणाला सांगायचं नाही म्हणजे काय करायचं, हे मात्र दोघांनाही माहीत नव्हतं. मामांनी इस्त्री कमी तापवायला सुरुवात केली. कमी तापलेली इस्त्री सुती कपड्यावर तीनदा फिरवावी लागते. ओलं बोट लावून पाहायचं, मग एका चिंधीवर फिरवून पाहायचं, चिंधीचा रंग बदलला नाही असं उजेडात धरून पाहायचं, मग शर्टावर जायचं. तासाला पंचवीस नग होत होते, ते बारा-तेरावर आले. त्यातही एकदा शाळेच्या शर्टाची कॉलर भाजली. तेव्हा मामींनी ठरवलं, की आपण शेजारी बसायचं. त्या घड्या घालत बसायच्या आणि वास सुटला की म्हणायच्या, "उचला." मामा उचलायचे. बावीस वर्षांच्या कसबी माणसाला दिवसातून दोनशे वेळा कुणीतरी 'उचला' म्हणावं, ही गोष्ट सोपी नाही. ते चिडायचे. चिडून एकदा म्हणाले, "जरा आधी म्हण." त्या आधी म्हणाल्या, तर शर्ट सुरकुतलेला राहिला.

खरी अडचण निराळीच होती. मामी टेबलाशी बसल्या तर कपडे पोचवणार कोण? आणि त्या कपडे पोचवायला गेल्या तर 'उचला' कोण म्हणणार? एका बाईचे दोन तुकडे होत नाहीत. पाचचे कपडे सहाला जाऊ लागले, साडेसहाचे आठला. त्यात दोन घरांचे शाळेचे शर्ट अदलाबदल झाले, कारण नाकाशी धरून सांगणारं नाक आता नव्हतं. मामींनी मुकाट्याने टाचण्या आणि चिठ्ठ्या आणल्या. मामांनी त्यांना फळीवर जागा करून दिली.

वसाहतीच्या फाटकाशी त्याच सुमारास एक व्हॅन उभी राहू लागली होती. निळ्या पोशाखातला मुलगा गाठोड्यांऐवजी पिशव्या घेऊन जायचा आणि प्रत्येक कपड्याला छापील पट्टी लावायचा. नगाला सहा, कमीत कमी वीस नग, दोन दिवसांत परत. मामांनी हे पहारेकऱ्याकडून ऐकलं आणि दुपारी बायकोला म्हणाले, "आपण सात करू. उशीर होतो त्याचा एक सोडून देऊ."

"भाव कमी केला म्हणजे उशीर झाल्याचं लोक विसरतात का?"

"काहीतरी तर करायला हवं."

"सहापर्यंत उतरलो तरी ती व्हॅन पाचवर जाईल. तिला परवडतं." मामी उशीचा अभ्रा उलटा करून टाके बघत होत्या. "आपल्याकडे लोक इस्त्रीसाठी येतात असं तुम्हाला वाटतं. इस्त्री कुठेही होते. आपण त्यांना त्याच दिवसाची संध्याकाळ देतो. ती गेली की आपलं काय राहिलं?"

मामांना हे पटलं नाही. त्यांच्या मते लोक क्रीजसाठीच यायचे.

मग तो वाढप्याचा दिवस आला. तो एकटा राहायचा, दुसऱ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. त्याच्याकडे कामाचे दोनच पांढरे शर्ट आणि दोन काळ्या पँटी. रोज एक जोड अंगावर, एक जोड मामांकडे. काळी पँट चकाकू नये म्हणून वर ओलं फडकं घालून इस्त्री करावी लागते, आणि त्या दिवशी फडक्याखाली काय चाललंय ते मामांना कळेना. वाफ झाली, पुन्हा फडकं भिजवलं, पुन्हा वाफ. मामी चौथ्या इमारतीत अडकल्या होत्या. वाढप्याचा जोड घेऊन त्या वर पोचल्या तेव्हा सव्वाचार वाजले होते आणि दाराला कुलूप होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः पंपाच्या खोलीत आला. मामी कपडे गोळा करायला गेलेल्या होत्या. त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मामांना बरं वाटलं असतं.

"काल चुरगळलेला शर्ट घालून गेलो," तो म्हणाला. "मोठी पार्टी होती. साहेबांनी दारातूनच परत पाठवलं. वर तीन दिवस कामावर येऊ नको म्हणाले."

"चूक झाली," मामा म्हणाले.

"मामींना आताशा उशीर होतो. महिनाभर बघतोय मी. तब्येत बरी नाही का त्यांची?"

मामांच्या हातात इस्त्री होती आणि पुढ्यात कुणाचातरी फिकट निळा शर्ट. या प्रश्नाचं खरं उत्तर चार शब्दांचं होतं. ते त्यांच्या तोंडाशी आलंही असेल. पण इस्त्रीवाला वास घेऊ शकत नाही, हे बाहेर पडलं की उद्या कोण आपला शर्ट त्याच्या हातात देईल?

"गुडघे धरलेत तिचे," मामा म्हणाले. "जिने चढवत नाहीत."

वाढप्याने मान डोलावली. "मग त्यांना आराम द्या. मी व्हॅनला देतो उद्यापासून, शेजाऱ्यांच्या कपड्यांत घालून. ते दोन दिवसांनी देतात, पण सांगितलेल्या दिवशी देतात." आणि तो गेला.

मामांनी निळा शर्ट पूर्ण केला. तो कसा केला ते त्यांना नीट आठवत नाही. खोटं बोललो याची टोचणी होतीच, पण सुटलो याचा सुस्काराही होता, आणि त्या सुस्काऱ्याची त्यांना पुढे फार लाज वाटली.

वसाहतीत अशा बातमीला लिफ्ट लागत नाही. चार दिवसांत मामींचे गुडघे चारही इमारतींना माहीत झाले. मामी दार वाजवायच्या तेव्हा लोक म्हणायचे, "ताई, बसा जरा." कुणी म्हणायचं, "तुमच्याऐवजी एखादा तरणा माणूस का नाही ठेवत?" मामींना वाटायचं, उशिराबद्दल लोक सभ्य भाषेत टोचतायत. त्या ओशाळून हसायच्या आणि पुढच्या दाराशी जायच्या. तेवढ्यात सात घरं व्हॅनकडे गेली. गेलेल्यांपैकी कुणी भांडलं नाही. सगळ्यांनी मामींची काळजीच केली.

मग एका दुपारी मामी खोलीत आल्या आणि त्यांनी टेबलाच्या कडेला, इस्त्रीपासून दूर, एक तेलाची बाटली ठेवली.

"हे काय?" मामांनी विचारलं.

"शाळामास्तरीणबाईंनी दिलंय. कोमट करून रोज चोळायचं." मामींनी ओढून स्टूल घेतलं आणि त्या बसल्या. "माझे गुडघे दुखतात, हे मला आज दुसऱ्या मजल्यावर कळलं."

मामांनी इस्त्री टाचेवर उभी केली. पंप बंद होता, त्यामुळे त्यांना मधे घालायला काही आवाजही मिळाला नाही.

"मी त्यांना म्हटलं, बाई, माझे गुडघे ठीक आहेत. त्या म्हणाल्या, लपवू नका, तुमच्या घरच्यांनीच सांगितलंय." त्यांनी बाटली सरळ केली. "बावीस वर्षं मी त्या जिन्यांवर आहे. ऊन असो, पाऊस असो, अंगात ताप असो. आई गेली त्या दिवशी फक्त गेले नव्हते, आणि तेव्हाही शेजारणीला कपडे पोचवायला सांगून गेले होते. माझ्याकडे तुमच्यासारखं कसब नाही. मी वेळेवर येते, एवढंच लोकांना माझं माहीत होतं. तेवढंच होतं हो माझं. ते तुम्ही देऊन टाकलंत."

"मला दुसरं काही सुचलं नाही."

"सुचलं नाही ते ठीक. पण चार दिवस झाले. चार दिवसांत मला तरी सांगायचं."

मामांनी इस्त्रीची वायर सरळ केली. माफी मागायला शब्द लागतात, आणि त्या माणसाचे सगळे शब्द आयुष्यभर हातात राहिले होते. मामीही रडल्या वगैरे नाहीत. त्यांनी बाटली उचलून फळीवर ठेवली आणि त्या दिवसाची उरलेली गाठोडी पोचवायला निघून गेल्या. रात्री जेवताना नेहमीसारखंच वाढलं. फक्त त्यांनी दिवसभरात पुन्हा एकदाही 'उचला' म्हटलं नव्हतं, आणि मामांनी दोन शर्ट वाचवण्यासाठी इस्त्री इतकी गार ठेवली होती की ते शर्ट इस्त्री न केल्यासारखे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा खोलीत आले तेव्हा इस्त्री चालू होती आणि टेबलाशी मामी उभ्या होत्या.

"आज कपडे गोळा करायला तुम्ही जा," त्या म्हणाल्या.

"आणि इस्त्री?"

"मी करते."

"तुला येत नाही."

"बघा मग." त्यांनी स्वतःच्याच घरातला, मामांचा एक जुना सुती शर्ट पुढ्यात घेतला. पाणी शिंपडून तो आदल्या दिवशीच गुंडाळून ठेवलेला होता. कॉलर आधी, टोकाकडून मधे. मग खांद्याची पट्टी, मग कफ, मग बाह्या, मग पुढचे दोन्ही पदर, शेवटी पाठ. हात मामांएवढा झरझर चालत नव्हता. मनगट ताठ होतं. पण एके ठिकाणी त्यांच्या नाकपुड्या किंचित हलल्या आणि हात उचलला गेला. मामांनी ते पाहिलं. आपलंच काहीतरी आपल्यासमोर कुणीतरी अंगावर चढवावं तसं त्यांना वाटलं. 

"डाव्या बाहीला दोन क्रीज झाल्या," ते म्हणाले.

मामींनी पाणी मारून बाही पुन्हा केली. एकच क्रीज आली.

"तासाला सोळा होतील माझ्याने," त्या म्हणाल्या. "महिन्याभराने अठरा. तेवढ्यात सगळी घरं बसायची नाहीत. जेवढी बसतील तेवढीच घ्यायची, आणि त्यांची वेळ हलवायची नाही. भाव नऊ करू."

"नऊ? लोक जातायत आणि तू वाढवतेस?"

"नगांची संख्या कमी होणार, मग घर कशावर चालवायचं? ज्यांना स्वस्त हवंय ते व्हॅनला देतील. ज्यांना संध्याकाळी हवंय ते नऊ देतील." त्यांनी शर्टाची घडी घातली. "आणि हे दारोदार तुम्हीच सांगायचं. नऊचंही. आणि गुडघ्यांचंही."

मामा त्या सकाळी बावीस वर्षांत पहिल्यांदा वसाहतीचे जिने चढले. खांद्यावर रिकाम्या चादरी. पहिलं दार वाजवलं, एका प्रौढ गृहस्थांनी उघडलं, आणि मामांची नजर सवयीने त्यांच्या कॉलरीवर गेली. हा माणूस डावीकडे मान कलती ठेवतो, म्हणून कॉलर डाव्या बाजूने आधी विरते. हे मामांना कित्येक वर्षं ठाऊक होतं. चेहरा मात्र आज पहिल्यांदाच दिसला.

"कोण हवंय?" गृहस्थ म्हणाले.

"इस्त्रीचे कपडे."

"इस्त्रीवाल्या ताई येतात आमच्याकडे."

"मी त्यांचा नवरा."

"अस्सं," गृहस्थ म्हणाले, आणि दार जरासं जास्त उघडलं. "बरे आहेत का त्यांचे गुडघे?"

असं जवळजवळ प्रत्येक दारात झालं. ज्यांच्या पँटींची लांबी, ज्यांच्या बाह्यांचे डाग, ज्यांच्या मुलांची वाढती मापं मामांना तोंडपाठ होती, त्यातल्या एकालाही मामा माहीत नव्हते. सगळ्यांना माहीत होत्या त्या इस्त्रीवाल्या ताई. मामांचा असा समज होता, की आपण म्हणजे इस्त्री आणि बायको म्हणजे निरोप्या. वसाहतीचा समज बरोबर उलटा निघाला. खाली कुणीतरी इस्त्री करतं, एवढंच लोकांना ठाऊक होतं.

पहिल्या तीन दारांत त्यांनी नऊचा भाव सांगितला आणि गुडघ्यांचं गिळलं. चौथ्या दाराशी शाळामास्तरीणबाई होत्या. तेल लावलं का, त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, "तिच्या गुडघ्यांना काही झालेलं नाही. मी खोटं सांगितलं होतं. तापानंतर मला वास येत नाही. कपडा जळतोय ते कळत नाही, म्हणून मी हळू काम करत होतो, म्हणून उशीर. आता इस्त्री ती करणार." एका दमात. बाईंनी चष्मा नीट केला आणि त्या कपडे आणायला आत गेल्या. त्यांनी नऊ नग दिले. मामा उतरून पुन्हा पहिल्या तीन दारांशी गेले आणि तिथेही तेच सांगितलं. त्यांतल्या एका घराने 'मग राहू द्या' म्हणून गाठोडं परत घेतलं. प्रौढ गृहस्थांनी नाही घेतलं. दुपारपर्यंत एकोणीस घरं राहिली.

वाढप्याचं दार त्या यादीत नव्हतं. तो व्हॅनचा झाला होता. मामा तिसऱ्या मजल्यावर तरीही गेले, अकरा वाजता. तो बनियनवर होता. खुर्चीच्या पाठीवर एक पांढरा शर्ट, धुतलेला, चुरगळलेला.

मामांनी त्यालाही तेच सांगितलं, आणि वर म्हणाले, "तुमची तीन दिवसांची पाळी माझ्यामुळे गेली. तिच्यामुळे नाही. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."

"मी मामींना फार बोललो," तो म्हणाला. "जिन्यात भेटल्या होत्या. झेपत नसेल तर सोडून द्या म्हटलं. त्या काहीच बोलल्या नाहीत." त्याने मान फिरवली. मग खुर्चीवरच्या शर्टाकडे बोट दाखवलं. "व्हॅन उद्या देणार आहे जोड. आज माझी पाळी आहे आणि हा एवढाच आहे. मी घरी इस्त्री मारणार होतो."

"साडेतीनला देतो."

"नक्की?"

"ती म्हणाली तर नक्की," मामा म्हणाले, आणि शर्ट घेऊन खाली आले. मामींनी घड्याळ पाहिलं, गाठोडी मोजली आणि तो शर्ट सगळ्यात वर ठेवला.

तीन वाजून दहा मिनिटांनी मामा शर्ट घेऊन वर गेले. दुहेरी घडी मोडू नये म्हणून तळहातावर आडवा धरून, एकेक पायरी. वाढप्याने तो दारातच अंगात चढवला. बटणं लावली, आरशात पाहिलं, कॉलरीला दोन बोटं लावून पाहिली.

"हा मामींनी केलाय?"

"हो."

"आधीपेक्षा बरी बसलीय कॉलर," तो म्हणाला. मग बहुधा त्याला आपण काय बोललो ते कळलं. "म्हणजे, तुमचीही चांगलीच असायची." त्याने नऊ दिले, पिशवी उचलली आणि जिन्याने धडधडत बसकडे निघून गेला.

मामा जिन्यात उभे राहिले. खाली जाऊन काय सांगायचं? शर्ट वेळेवर पोचला, एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. ते खोटंही नव्हतं. ते एक मजला उतरले, थांबले, दुसरा मजला उतरले. त्यांना फार वाईट वाटत होतं. आपला हात बावीस वर्षं या वसाहतीत सगळ्यांत चांगला होता आणि तो आता नाही. हे त्यांना डॉक्टरसमोर नाही, जळलेल्या गणवेशासमोर नाही, या जिन्यात कळलं. कठड्याला धरून ते थोडा वेळ रडले. वर-खाली कुणी नव्हतं.

खोलीत मामी नर्सबाईंचा गणवेश करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मिळाला का त्याला?"

"मिळाला. वीस मिनिटं राखून."

"काही म्हणाला?"

मामांनी दाराची चौकट धरली. "म्हणाला, कॉलर आधीपेक्षा बरी बसलीय."

मामींचा हात थांबला. इस्त्री त्यांनी टाचेवर उभी केली, चादरीवरचा न दिसणारा दोरा उचलला, तो बोटांत फिरवत राहिल्या. खोलीत कसलाही वास येत असेल तर तो त्यांनाच येत होता.

"हे तुम्ही नसतं सांगितलं तरी मला कळलं नसतं," त्या म्हणाल्या.

"म्हणून सांगितलं," मामा म्हणाले.

मामींनी इस्त्री पुन्हा हातात घेतली आणि गणवेशाची पाठ पूर्ण केली. घडी घालून, चिठ्ठी टाचून, तो साडेसहाच्या गठ्ठ्यावर ठेवला. पाचच्या घरांचा गठ्ठा आधीच बांधून दाराशी ठेवला होता. मामांनी तो खांद्यावर घेतला आणि शाळामास्तरीणबाईंच्या जिन्याकडे निघाले.